निळ्या पेन्सिलीची वाट

आठवीच्या वर्गाला दरवर्षी मी एक कृतिपत्रिका देते. कागदाच्या मधोमध हृदयाची आकृती, भोवती बाण आणि बारा रिकाम्या चौकटी. वर फुफ्फुसं, खाली नुसतं ‘शरीर’ असं लिहिलेलं. चौकटींत नावं भरायची, बाण जोडायचे आणि रक्ताची वाट रंगवायची. ऑक्सिजन भरपूर असलेलं रक्त लाल, कमी असलेलं निळं.

नावं मुलं पाठ करून येतात. आम्ही शिकलो तेव्हा कर्णिका आणि जवनिका होत्या, रोहिणी आणि नीला होत्या. आता अलिंद, निलय, धमनी, शिरा आहेत. महाशिरेतून रक्त उजव्या अलिंदात येतं, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात उतरतं, तिथून फुफ्फुस धमनीने फुफ्फुसांत जातं. फुफ्फुस शिरांनी परत डाव्या अलिंदात येतं, द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि मग महाधमनीतून सगळ्या शरीराला. हे वर्गात कुणालाही उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवतात. गडबड होते ती रंगपेटी उघडल्यावर.

पहिली गडबड डाव्या-उजव्याची. कागदावर डाव्या हाताला दिसणारा भाग ‘उजवा’ का, हे मुलांच्या पचनी पडत नाही. मी त्यांना कागद उचलायला लावते आणि स्वतःच्या छातीवर धरायला सांगते, चित्र समोरच्याला दिसेल असं. मग शेजारच्याकडे बघायचं. त्याचा उजवा हात ज्या बाजूला, ती त्याच्या हृदयाची उजवी बाजू. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, एवढं लक्षात आलं की हा गोंधळ कायमचा संपतो.

दुसरी गडबड जास्त खोलवरची आहे. चाळीस मुलांच्या वर्गात निम्मी तरी मुलं फुफ्फुस धमनी लाल रंगवतात आणि फुफ्फुस शिरा निळी. त्यांची चूक म्हणावी तर त्यांनी पाठ केलेलं सूत्रच वापरलेलं असतं: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध रक्त. हे सूत्र त्यांना घरी कुणीतरी सांगितलेलं असतं, जुन्या गाईडात असतं, शिकवणीत घोटून घेतलेलं असतं. या ‘अशुद्ध’ शब्दावर माझा राग आहे. अशुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर गढूळ पाणी येतं, गटार येतं. शिरेतलं रक्त तसं नसतंच. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनला बसायला चार जागा असतात. फुफ्फुसांतून निघताना चारही जवळजवळ भरलेल्या असतात. शरीरभर फिरून रक्त परत येतं, तेव्हा माणूस निवांत बसलेला असेल तर सरासरी एकच जागा रिकामी झालेली असते. म्हणजे ज्याला आपण अशुद्ध म्हणतो, त्यात पाऊणपट ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. म्हणून माझ्या कृतिपत्रिकेतून शुद्ध-अशुद्ध हे शब्द मी काढून टाकले. त्यांच्या जागी ‘ऑक्सिजन जास्त’ आणि ‘ऑक्सिजन कमी’ असं साधं लिहिलं. तरी फुफ्फुस धमनी लाल रंगतच राहिली.

तिसरी चूक थोड्याच मुलांची असते, पण मला ती फार आवडते. काही जण उजव्या निलयातून थेट डाव्या निलयात बाण काढतात. दोन कप्पे शेजारी आहेत, मधे एक भिंत आहे, मग रक्त फुफ्फुसांना वळसा घालून कशाला जाईल? दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याचंही हेच म्हणणं होतं. मधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आहेत आणि त्यांतून रक्त पाझरतं, असं त्याने लिहून ठेवलं. हजार वर्षं लोक तेच मानत आले. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने स्पष्ट लिहिलं की हा पडदा जाड आणि भरीव आहे, त्यात छिद्रं नाहीत, तेव्हा उजवीकडचं रक्त फुफ्फुसांतूनच डावीकडे जायला हवं. चौदा वर्षांच्या मुलाने तो बाण काढला की मी त्यावर फुली मारत नाही. त्याला विचारते, “भिंतीतून गेलं, तर त्याला ऑक्सिजन कुठे मिळाला?” तो कागदाकडे बघत राहतो आणि मग स्वतःच खोडरबर मागतो.

हे सगळं मी वर्षानुवर्षं शिकवत होते. त्या बाणांची खरी ओळख मला तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात झाली, आमच्या आप्पांमुळे.

आप्पा एसटीत चालक होते. निवृत्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. अंगणात शेवाळावरून पाय घसरला आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं तेव्हा पोटरी सुजलेली होती. इतके दिवस पाय बांधलेला होता, सूज असणारच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. इथे आमचं चुकलं. सहा आठवडे न वापरलेली पोटरी खरं तर बारीक व्हायला हवी, कारण स्नायू झिजतो. आप्पांची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा चांगली दोन बोटं जाड होती, हाताला गरम लागत होती आणि दाबली की ते कण्हत होते. एकाच पायाला सूज, ऊब आणि दाबल्यावर दुखणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे मला आज माहीत आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा संडासाकडून परत येताना दोन पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून उभे राहिले. श्वास पुरत नव्हता. छातीत उजवीकडे टोचत होतं. घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर होता, तो बोटाला लावला. ८८ आकडा आला. नाडी ११६.

दवाखान्यात तासाभरात ईसीजी झाला, सोनोग्राफीवाल्यांनी पायाचं डॉपलर केलं आणि मग सीटीला नेलं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “पोटरीच्या शिरेत गुठळी झाली होती. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकलाय.”

भाऊ म्हणाला, “पायातली गुठळी फुफ्फुसात कशी जाईल?”

प्रश्न अगदी रास्त होता. पाय कुठे, फुफ्फुस कुठे. पण मला तो ऐकू आला आणि डोळ्यांसमोर माझाच कागद उभा राहिला. पिशवीत न तपासलेल्या कृतिपत्रिका होत्याच. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी एक कोरी प्रत काढली आणि भावाला पेन्सिलीने वाट काढून दाखवली. काढता काढता मलाच ती नव्याने दिसत गेली.

पोटरीतल्या शिरेपासून सुरुवात केली. शिरेतलं रक्त वर चढवायला हृदयाचा जोर तिथे फारसा पोचत नाही. पोटरीचा स्नायू आखडला की शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. शिरेत आतून लहान झडपा असतात, त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. सहा आठवडे प्लास्टरमध्ये पोटरी हललीच नाही, म्हणून रक्त तिथे साचून राहिलं. मोडलेल्या हाडामुळे रक्त गोठवण्याची शरीराची यंत्रणा आधीच जागी झालेली होती. साचलेल्या रक्तात झडपेच्या खोबणीत गुठळी धरली.

आता तिचा एक तुकडा सुटला. तो कुठे जाणार? पोटरीची शीर मांडीच्या शिरेला मिळते, मांडीची ओटीपोटातल्या शिरेला, तिथे दोन्ही पायांच्या शिरा एकत्र येऊन अधोमहाशिरा होते. ही अंगठ्याएवढी किंवा त्याहून रुंद असते. आमच्याकडे ओढ्याला ओढे मिळतात, येरळा कृष्णेला मिळते, पात्र रुंदच होत जातं. ओढ्यात पडलेलं लाकूड पुढे अडकायला जागाच नसते. तसा तो तुकडा जसजसा वर सरकला तसतशी वाट मोठी होत गेली. उजव्या अलिंदात तो आरामात आला. त्रिदली झडप चांगली रुंद, तिच्यातून उजव्या निलयात. तिथल्या एका ठोक्याने तो फुफ्फुस धमनीत फेकला गेला.

आणि इथे पहिल्यांदा वाट उलटी झाली. पोटरीपासून इथपर्यंत शिरा एकमेकींना मिळत होत्या. आता फुफ्फुस धमनीला फाटे फुटायला लागले. दोन झाल्या, दोनाच्या अनेक, आणि प्रत्येक फाटा आधीच्याहून अरुंद. शेवटी इतक्या बारीक केशवाहिन्या की तांबड्या पेशीलाही अंग चोरून एकामागून एक जावं लागतं. बोटाच्या पेराएवढी गुठळी तिथे जाणं शक्यच नव्हतं. आप्पांची गुठळी उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या फाट्यात अडकली होती. पायातून निघालेल्या गुठळीला अडवणारं पहिलं अरुंद ठिकाण फुफ्फुसात येतं, म्हणून ती फुफ्फुसात सापडते. कृतिपत्रिकेत हे सगळं होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

भाऊ कागदाकडे बघत म्हणाला, “मग मेंदूत नाही ना जाणार?” माझी पेन्सिल फुफ्फुसापाशीच थांबलेली होती. मेंदूकडे जायचं तर गुठळीला डाव्या बाजूला पोचायला हवं, आणि उजवीकडून डावीकडे जायची वाट फुफ्फुसांच्या त्या जाळीतूनच आहे. जाळीने तिला अडवलं. मेंदूत जाणारी गुठळी बहुतेक वेळा डाव्या बाजूलाच तयार होते. काही म्हाताऱ्या माणसांचं डावं अलिंद नीट आखडत नाही, नुसतं थरथरतं. त्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी धरते. ती सुटली की डावं निलय, महाधमनी, आणि महाधमनीच्या कमानीवरच मानेकडे जाणारे फाटे आहेत. दोन्ही गुठळ्याच, पण एक निळ्या बाजूची आणि एक लाल बाजूची. कुठे उगम, यावर कुठे घात, हे ठरतं.

याला एक अपवाद आहे आणि तो मी भावाला त्या रात्री सांगितला नाही. आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसं श्वास घेत नसतात, ऑक्सिजन वारेतून येतो. तेव्हा दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यात एक दार उघडं असतं आणि रक्त उजवीकडून थेट डावीकडे जातं. जन्मानंतर ते दार बंद होतं. साधारण चारांतल्या एका माणसात ते पूर्ण चिकटत नाही, फट राहते. बहुतेकांना तिचा जन्मभर काही त्रास होत नाही, पण क्वचित एखादी गुठळी त्या फटीतून पलीकडे जाऊ शकते. भिंतीतून बाण काढणाऱ्या मुलांना मी आता हेही सांगते: तुमचा बाण निलयाऐवजी अलिंदात असता, तर तुमच्या जन्माआधी तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत जाऊ दिलं तेव्हा आप्पांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि सिस्टर रक्त घ्यायला आल्या होत्या. कोपराच्या खाचेतल्या शिरेतून त्यांनी नळीत रक्त घेतलं. गडद, कोकमाच्या आगळासारखं. त्या ते ट्रेमध्ये ठेवतात तोवर डॉक्टर आल्या. त्यांनी मनगटावर नाडी चाचपली आणि बारीक सुई सरळ नाडीतच घातली. दट्ट्या त्यांनी ओढला नाही. तो आपणहून वर सरकायला लागला, नाडीच्या ठोक्याठोक्याने, जरा थांबून परत जरा. सिरिंजमध्ये आलेलं रक्त जास्वंदीसारखं लालभडक होतं. ऑक्सिजन किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे बघायला धमनीतलंच रक्त लागतं. शिरेतलं रक्त आपला ऑक्सिजन कुठल्या कुठल्या पेशींना देऊन आलेलं असतं, त्यावरून फुफ्फुसं कसं काम करतायत ते नेमकं कळत नाही.

दोन्ही नळ्या एकाच ट्रेमध्ये शेजारी पडल्या होत्या. एकाच हातातलं, दहा मिनिटांच्या आत घेतलेलं रक्त. मी कितीतरी वर्षं मुलांच्या हातात निळी आणि लाल पेन्सिल देत आले होते, पण दोन रक्तं शेजारी ठेवून पहिल्यांदाच बघत होते. निळं कुठेच नव्हतं. एक गडद लाल, एक उजळ लाल. हातावरच्या शिरा निळसर दिसतात ती कातडीची आणि उजेडाची करामत, आतलं रक्त निळं नसतं. आणि त्या सिरिंजचा दट्ट्या हलताना मला धमनी आणि शिरेतला फरक रंगाहूनही चांगला दिसला. धमनीतल्या रक्तामागे हृदयाचा धक्का असतो. शिरेतलं रक्त ओढून घ्यावं लागतं.

सीटीच्या खोलीतली एक गोष्ट डॉक्टरांनी नंतर सांगितली, तीही माझ्या कागदाचीच निघाली. फुफ्फुसाच्या धमन्या दिसण्यासाठी हातातल्या शिरेतून एक औषध जोरात सोडतात, ते सीटीत पांढरं दिसतं. हाताची शीर, ऊर्ध्वमहाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुफ्फुस धमनी, एवढा प्रवास व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि नेमका त्याच क्षणी फोटो काढायचा असतो. फार लवकर काढला तर औषध अजून महाशिरेतच असतं. उशीर झाला तर ते फुफ्फुसातून पार होऊन डाव्या बाजूला आणि महाधमनीत पोचतं, आणि फुफ्फुस धमनी फिकी पडते. आप्पांच्या फोटोत पांढऱ्या फाट्याच्या मधोमध एक करडा डाग होता. औषध त्याच्या कडेने वाहत होतं. तीच गुठळी.

आप्पांच्या इकोत उजवं निलय फुगलेलं दिसलं होतं. याचंही कारण कृतिपत्रिकेतल्या एका प्रश्नात आहे, ज्याचं उत्तर मुलं एका ओळीत लिहून मोकळी होतात. ‘डाव्या निलयाची भिंत जाड का असते?’ ‘कारण त्याला सगळ्या शरीराला रक्त पाठवावं लागतं.’ उत्तर बरोबर आहे, पण त्यामुळे मुलांची समजूत होते की डावं निलय जास्त रक्त पाठवतं. तसं नाही. एका ठोक्याला दोन्ही निलयं जवळजवळ सारखंच, साधारण ७० मिलिलीटर रक्त पुढे ढकलतात. सारखं नसतं तर थोड्याच वेळात सगळं रक्त एका बाजूला तुंबलं असतं. फरक दाबाचा आहे. डाव्याला १२० पर्यंतचा दाब उभा करावा लागतो, उजव्याला जेमतेम २५. फुफ्फुसं शेजारीच आहेत आणि त्यांच्या वाहिन्या मऊ, सैल आहेत, म्हणून उजव्याची भिंत डाव्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच जाड असते. त्या पातळ भिंतीसमोर अचानक गुठळीचा बांध आला. इतका जोर लावायची तिला सवय नाही. ती ताणते, फुगते. या दुखण्यात डॉक्टरांचं लक्ष उजव्या निलयावर असतं ते त्यामुळेच, कारण माणूस दगावतो तो बहुतेक वेळा उजवं निलय थकल्यामुळे.

आप्पांचं निलय थकलं नाही. रोज दोन वेळा पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, नंतर सहा महिने गोळ्या. हे औषध गुठळी विरघळवत नाही. नवी धरू देत नाही आणि आहे ती वाढू देत नाही. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू झिजवतं. तिसऱ्या दिवशी मास्कशिवाय ऑक्सिमीटरवर ९४ दिसायला लागले.

त्याच दिवशी आप्पांनी माझ्या हातातला कागद मागितला. चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ही फुफ्फुस धमनी निळी का रंगवलीस? धमनी तर लाल असते ना?”

माझ्या वर्गातलीच चूक. मी सांगायला लागले की हृदयापासून लांब नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. आप्पांनी मला मधेच थांबवलं.

“अगं, मग सरळ सांग की. डेपोतून सुटते ती जाणारी गाडी, डेपोत येते ती परतीची. गाडी भरलेली आहे का रिकामी, यावरून ती जाणारी का येणारी ते ठरत नाही. पहाटेची पहिली गाडी आम्ही रिकामीच काढायचो, पण होती ती जाणारीच.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. फुफ्फुस धमनी म्हणजे डेपोतून रिकामी सुटलेली गाडी. फुफ्फुसांच्या थांब्यावर ती भरते आणि फुफ्फुस शिरेने परत डेपोत येते, भरून. मग दुसऱ्या फलाटावरून महाधमनीने सुटते. सगळ्या शरीराला फिरताना तिची एक-एक जागा रिकामी होत जाते.

“पण पूर्ण रिकामी होत नाही, आप्पा,” मी म्हटलं. “चार जागांपैकी तीन भरलेल्याच परत येतात.”

“मग फेरी तोट्यात म्हणायची,” ते म्हणाले.

तोट्यात नाही. तो राखीव साठा असतो. माणूस धावायला लागला की पायाचे स्नायू त्या उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही उतरवून घेतात. आप्पांनी मान डोलावली. दिवाळीच्या गर्दीसाठी जादा गाड्या राखून ठेवतात, तसं.

पुढच्या वर्षीच्या कृतिपत्रिकेत मी चित्र तेच ठेवलं. चौकटींच्या आधी मात्र एक ओळ घातली: आधी सगळ्या बाणांची दिशा काढा, मग वाहिन्यांना नावं द्या, रंग सर्वांत शेवटी. रंग देताना एकच नियम, रक्त फुफ्फुसांतून जाऊन आलं का? आलं असेल तर लाल, अजून जायचं असेल तर निळं. या क्रमाने काम केलं की फुफ्फुस धमनी लाल रंगवणारी मुलं वर्गात दोन-तीनच उरतात.

या नियमानेच मग मुलांना एक जुनी गोष्टही सांगता येते. एका ठोक्याला ७० मिलिलीटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. अंगात रक्तच सगळं मिळून पाच लिटरच्या आसपास. मी फळ्यावर गुणाकार करते, तासाला तीनशे लिटर होतात, आणि विचारते, एवढं रक्त रोज कुठून नवं तयार होईल? विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने १६२८ साली छापलेल्या पुस्तकात असाच हिशेब मांडला होता, आणि आकडे मुद्दाम यापेक्षा पुष्कळ कमी धरून. तेवढंसुद्धा रक्त खाल्लेल्या अन्नातून तयार होणं अशक्य, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. परत येताना ते धमनीतून शिरेत कुठून जातं, ते मात्र त्याला कधीच दिसलं नाही. तो १६५७ मध्ये वारला. चार वर्षांनी माल्पिघी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. कृतिपत्रिकेत ‘शरीर’ आणि ‘फुफ्फुसं’ या दोन चौकटींत मी जी जाळी काढते, ती हार्वीच्या चित्रातली मोकळी जागा आहे.

आणि शेवटी एक प्रश्न नवा घातला. ‘डाव्या पोटरीच्या शिरेत तयार झालेली गुठळी सुटली. ती कोणकोणत्या कप्प्यांतून जाईल आणि कुठे अडकेल? तिथेच का?’

उत्तरं तपासायला मला आता आनंद होतो. एकीने लिहिलं, ‘डाव्या पायातून निघाली तरी ती उजव्या बाजूला येते, कारण शरीरभरच्या शिरांतलं रक्त उजव्या अलिंदातच येतं.’ पाय डावा म्हणून हृदयाची डावी बाजू धरणारी मुलं बरीच असतात, तिने ती खाच बरोबर ओलांडली होती. दुसऱ्याने फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘फुफ्फुसात, कारण तिथपर्यंत रस्ता मोठा होत जातो.’ त्याला मी पूर्ण गुण दिले.

यंदा पेपर वाटून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “बाई, पायातली फुफ्फुसात जाते. मग आतड्यातल्या शिरेतली गुठळी पण फुफ्फुसातच जाईल ना?”

मी हो म्हणणार होते आणि थांबले. आतड्यातलं रक्त सरळ हृदयाकडे जातच नाही. पचलेलं अन्न घेऊन ते आधी यकृतात जातं, ज्या शिरेने जातं तिला यकृत द्वारशिरा म्हणतात, आणि यकृतात तिला पुन्हा धमनीसारखे फाटे फुटून जाळी होते. तिथून मग ते अधोमहाशिरेत पडतं. हृदयाकडे आणते ती शिरा, हा मी इतक्या खात्रीने शिकवलेला नियम या एका शिरेपाशी अर्धवट पडतो, आणि आप्पांच्या डेपोच्या हिशेबातही ती बसत नाही. आतड्यातून निघालेल्या गुठळीला पहिली जाळी यकृताची लागते, फुफ्फुसाची नव्हे. माझ्या कागदावर यकृतच नव्हतं. खाली नुसतं ‘शरीर’ असं लिहिलेलं होतं.

मी फळ्यावर निळ्या खडूने ती वाट काढून दाखवली. तो बघत होता. खाली बसला, पट्टी घेतली आणि ‘शरीर’ या शब्दाच्या शेजारी त्याने आपल्या कागदावर तेरावी चौकट आखायला घेतली.